‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’: प्रभूच्या प्रार्थनेचा ओळीओळीनं अर्थ

प्रश्न: मी काही महिन्यांपासून चर्चमध्ये जायला लागले आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सगळे पाठ म्हणतात, मीही म्हणते, पण अर्थ नीट कळत नाही. प्रार्थनेत ‘ऋण’ कुठून आलं? देव माणसाला परीक्षेत कशाला आणेल? आणि शेवटची ओळ काही चर्चमध्ये म्हणतात, काही ठिकाणी नाही, असं का? कृपया ओळीओळीनं सांगाल का?

उत्तर: आधी पूर्ण पाठ समोर ठेवू. मराठी पवित्र शास्त्रात तो मत्तयाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, 9 ते 13 या वचनांत आहे:

> हे आमच्या स्वर्गातील पित्या,
> तुझे नाव पवित्र मानले जावो.
> तुझे राज्य येवो.
> जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.
> आमची रोजची भाकर आज आम्हांला दे;
> आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड;
> आणि आम्हांला परीक्षेत आणू नकोस. तर आम्हांला वाइटापासून सोडव.
> कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत. आमेन.

तुमच्या चर्चमध्ये एखादा शब्द वेगळा असेल तर गोंधळू नका. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पाठांत, जुन्या आणि नव्या भाषांतरांत थोडे फरक आहेत. पाठ करताना तुमची मंडळी म्हणते तेच शब्द धरा, म्हणजे सगळ्यांबरोबर म्हणताना अडखळायला होणार नाही.

ही प्रार्थना बायबलमध्ये दोनदा येते. मत्तयात ती डोंगरावरच्या प्रवचनात आहे आणि तिच्या अगदी आधी येशू सांगतो की खोलीत जा, दार लावून घे, आणि उगाच शब्दांची भर घालू नका. तुम्हाला काय हवं ते तुमच्या पित्याला तुम्ही मागायच्या आधीच ठाऊक असतं. लूकच्या अकराव्या अध्यायात एक शिष्य म्हणतो, ‘प्रभू, योहानानं आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही प्रार्थना करायला शिकवा,’ आणि त्यावर येशू हीच प्रार्थना देतो, पण आखूड. तिथे जुन्या प्रतींत सुरुवातीला नुसतं ‘पित्या’ आहे आणि इच्छेची ओळही नाही. चर्चमध्ये म्हटला जातो तो मत्तयाचा पाठ.

अर्थाकडे वळण्याआधी व्याकरणातली एक गोष्ट पाहून घ्या, कारण पुढचं बरंच तिच्यावर उभं आहे. या प्रार्थनेत ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ एकदाही येत नाही. आधी ‘तुझे, तुझे, तुझ्या’ आणि मग ‘आमची, आम्हांला, आमची’. दार लावून एकटीनं म्हटली तरी शब्द ‘आम्ही’चेच राहतात. ‘मला भाकर दे’ असं मागायची सोयच येशूनं ठेवलेली नाही.

हे आमच्या स्वर्गातील पित्या

येशू बोलत असे त्या अरामी भाषेत बापाला ‘अब्बा’ म्हणत. लहान मुलं म्हणत आणि मोठी झालेली माणसंही म्हणत, म्हणून तो नुसता लाडाचा शब्द नाही. जवळीक आणि मान दोन्ही त्यात आहेत. गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याच्या रात्री, येशू स्वतः हाच शब्द वापरतो असं मार्कनं नोंदवलं आहे.

मराठीत ही जवळीक ‘तू’मधून कळते. कितीतरी घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणतात, पण देवाशी बोलताना मराठी माणूस पूर्वीपासून ‘तू’च म्हणत आला. ‘स्वर्गातील’ हा शब्द पित्याला लांब ढगांत नेऊन बसवण्यासाठी नाही. हा बाप आपल्या घरातल्या बापासारखा हतबल नाही, त्याच्या हाती सत्ता आहे, असं तो सांगतो. ज्यांचा आपल्या वडिलांचा अनुभव कडू आहे त्यांना ही ओळ जड जाते. त्यांनी एवढंच धरावं की इथे पिता कसा असावा हे आपल्या घरावरून ठरत नाही. तो कसा आहे हे पुढच्या मागण्या सांगतात. तो भाकर देणारा, ऋण सोडणारा आणि सोडवणारा आहे.

तुझे नाव पवित्र मानले जावो

नवख्या माणसाला ही ओळ स्तुती वाटते, पण ती मागणी आहे. ‘देव तुझं भलं करो’मधला ‘करो’ आणि इथला ‘जावो’ एकाच जातीचे. जे अजून पूर्ण झालेलं नाही ते व्हावं, असं आपण म्हणतो आहोत.

नाव म्हणजे काय हे मराठीत वेगळं समजवावं लागत नाही. ‘पोरानं घराण्याचं नाव घालवलं’ किंवा ‘नाव राखलं’ असं आपण म्हणतो तेव्हा अक्षरांबद्दल बोलत नसतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात देव नेमकी हीच तक्रार करतो: माझे लोक जिथे जिथे गेले तिथे त्यांच्या वागण्यामुळे माझं नाव बदनाम झालं, आता मीच ते पवित्र करीन. त्यामुळे ही ओळ म्हणताना आपण देवाला सांगत असतो की तुझं नाव लोकांत जसं असायला हवं तसं तूच कर, आणि आमच्यामुळे ते जाऊ देऊ नकोस.

तुझे राज्य येवो

इथे ‘राज्य’ ऐकून महाराष्ट्र राज्यासारखा नकाशातला प्रदेश डोळ्यांपुढे आणू नका. मूळ ग्रीक शब्दाचा रोख राजवटीवर, म्हणजे सत्ता चालण्यावर आहे. देवाची सत्ता चालू व्हावी, न्याय व्हावा, असं हे मागणं. येशूच्या शिकवणुकीत ते राज्य जवळ येऊन ठेपलं आहे आणि तरीही पूर्ण यायचं आहे, म्हणून मागणं संपत नाही.

जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो

या ओळीचा सर्वांत जास्त विपर्यास होतो. घरात कोणी गेलं, पीक बुडालं की आपण म्हणतो, ‘देवाच्या मनात असेल तसं.’ तोच सूर या ओळीला लावला की ती हात टेकल्याची ओळ होते, जणू जे होतं आहे ते सगळं देवाच्या इच्छेनंच होतं आहे. तसं असतं तर मागण्याची गरजच नव्हती. स्वर्गात देवाची इच्छा चालते, पृथ्वीवर अजून तशी चालत नाही, हा फरक मनात ठेवूनच ही ओळ उभी आहे. एखादं मूल उपाशी झोपतं ती देवाची इच्छा नव्हे; ते बदलावं म्हणून ही प्रार्थना आहे.

तरी या ओळीत झुकणंही आहे. गेथशेमानेत येशू ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेच शब्द म्हणतो. मत्तयाच्या ग्रीक पाठात दोन्ही ठिकाणी शब्द अक्षरशः एक आहेत. पण तिथे तो आधी ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ असं स्पष्ट मागतो आणि मग हे म्हणतो. क्रम लक्षात ठेवा. आपलं मागणं गिळून टाकून ही ओळ म्हणायची नसते.

म्हणताना ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’पाशी किंचित थांबलात तर आणखी एक गोष्ट जाणवेल. हे शब्द नाव, राज्य आणि इच्छा या तिन्हींना लावता येतात. कितीतरी जुन्या भाष्यकारांनी तसं वाचलं आहे.

आमची रोजची भाकर आज आम्हांला दे

इथून ‘आमचं’ सुरू होतं आणि पहिली गोष्ट पोटाची येते. ‘भाकर’ हा मराठी भाषांतरातला शब्द फार नेमका आहे. येशूच्या गालीलात गरिबाचं अन्न म्हणजे जवाची भाकर. योहानाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, एका पोराजवळच्या पाच भाकरी जवाच्याच आहेत. मराठीत ‘भाकरीचा प्रश्न’ म्हटलं की त्यात अन्न आलं, काम आलं, जगणं आलं; मूळ शब्दालाही तेवढाच पसारा आहे.

‘रोजची’ या शब्दापाशी मात्र भाषांतरकारांची कसोटी लागते. तिथला ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ या प्रार्थनेबाहेर जवळजवळ सापडतच नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा विद्वान, ज्याची स्वतःची भाषा ग्रीक होती, तोही म्हणतो की लोकांच्या बोलण्यात हा शब्द नाही. त्याचा अर्थ ‘आजच्या दिवसाची’, ‘येणाऱ्या दिवसाची’ किंवा ‘जगण्यापुरती’ असा लावतात. तिन्ही अर्थांत मागणं एकाच दिवसाचं आहे.

ज्यांचं हातावर पोट आहे त्यांना हे लगेच कळतं. त्या काळी मजुराला संध्याकाळी मजुरी मिळायची, आणि लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात नियमच आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. कारण उघड आहे, ती नाही मिळाली तर सकाळी घरात भाकर नाही. या ओळीमागे मान्न्याची, म्हणजे अरण्यात देवानं इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाची, आठवणही आहे. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात लोकांनी दररोज माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, मान्ना गोळा करायचा असतो. काहींनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, आणि तो मात्र टिकायचा.

फ्रिज भरलेला असताना ही ओळ कशी म्हणायची, असं नवीन माणूस विचारतो. ‘आम्हांला’ शब्दाकडे पाहा. माझा डबा भरलेला असला तरी ‘आमचा’ भरलेला नाही.

जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड

तुमचा पहिला प्रश्न इथला. आधी शब्द सुटे करून घेऊ. आज ‘मी तुमचा ऋणी आहे’ म्हणजे ‘मी आभारी आहे’, पण इथे ‘ऋणी’ म्हणजे ऋणको, आपलं देणं लागणारा माणूस. ‘ऋण सोडणे’ म्हणजे ते वसूल न करणे, वहीत खोडून टाकणे. ओळीचा सरळ अर्थ असा: ज्यांच्याकडे आमचं येणं होतं त्यांना आम्ही ते सोडलं आहे, तसं आमचं तुझ्याकडचं देणं तू सोड.

पापाला ऋण का म्हटलं? अरामी भाषेत ‘होबा’ या एकाच शब्दाचे देणं आणि पाप असे दोन अर्थ होतात. मत्तयानं ‘ऋणे’ हा शब्द ठेवला, लूकनं आपल्या वाचकांसाठी पहिल्या भागात ‘पापे’ केलं, पण दुसऱ्या भागात ‘आमचा ऋणी असलेला प्रत्येक जण’ तसाच राहिला. मराठी कानाला हे परकं वाटायला नको. ‘कुठे फेडशील हे पाप!’ असं आपली आजी म्हणते तेव्हा ती पापाला कर्जच समजत असते. मला पापापेक्षा ऋण हा शब्द इथे अधिक चांगला वाटतो, कारण चुकीच्या कामाबरोबर करायचं राहून गेलेलं कामही त्यात येतं. आईशी दोन शब्द बोलायचे होते आणि बोललो नाही, हेही ऋणच.

आता कठीण भाग. ‘जसे आम्ही… तशी तू’ यावरून वाटतं की आम्ही क्षमा करून देवाची क्षमा कमावतो. येशूनं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेला दाखला आकडे घालून वाचला की हा गैरसमज दूर होतो. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांत देणं असतं. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तर एक तालांत फेडायला 20 वर्षं, आणि दहा हजार तालांत फेडायला दोन लाख वर्षं. ‘मला मुदत द्या, सगळं फेडीन,’ असं तो चाकर म्हणतो. त्याला आपलं देणं किती आहे हेच उमगलेलं नाही. राजा मुदत देत नाही, सगळंच सोडतो. बाहेर पडल्यावर याच चाकराला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडे याचं शंभर दीनार येणं आहे. शंभर दिवसांची मजुरी ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे, गरीब घराचा तो तीन-चार महिन्यांचा खर्च. येशू त्याचं येणं खोटं ठरवत नाही. पण आधीचं देणं त्याच्या सहा लाख पट होतं. सोबत्याचा गळा धरून हा त्याला तुरुंगात टाकतो, आणि ते ऐकून राजा सोडलेलं देणं परत लावतो.

दाखल्यातला क्रम पाहा: आधी राजानं सोडलं. म्हणून क्षमा करणं ही फी नाही. पण जो माणूस दुसऱ्याचा गळा सोडत नाही, त्याच्यापर्यंत आपल्याला मिळालेली क्षमा पोचलेलीच नसते. हे येशूनं हलकं केलेलं नाही. प्रार्थना संपताच 14 आणि 15 वचनांत तो एवढा एकच मुद्दा पुन्हा सांगतो. संपूर्ण प्रार्थनेत आम्ही स्वतः काय करतो हे सांगणारी हीच एक ओळ आहे.

एक सावधगिरी. ऋण सोडणं म्हणजे झालं ते चुकीचं नव्हतं असं म्हणणं नव्हे. ऋण होतं म्हणूनच सोडता येतं. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, पोलिसांत जाऊ नकोस, असं या ओळीच्या आधारानं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. सूडाचा हिशेब आपण सोडतो, म्हणजे स्वतःला धोक्यात ठेवतो असं नाही. आणि ज्या दिवशी सोडणं जमत नाही त्या दिवशी ही ओळ गाळू नका. त्या माणसाचं नाव मनात घेऊन, ‘सोडायचं आहे, बळ दे’ असं प्रामाणिकपणे म्हणून पुढे जा.

आम्हांला परीक्षेत आणू नकोस. तर आम्हांला वाइटापासून सोडव

मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’चे दोन अर्थ आहेत, परीक्षा आणि मोह. म्हणून काही मराठी पाठांत ‘मोह’ ऐकू येतो. याकोबाच्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, स्पष्ट लिहिलं आहे की देव कोणाला मोहात पाडत नाही. मग ‘आणू नकोस’ का? इथे आपण देवावर आरोप करत नाही, आपली ताकद किती कमी आहे ते कबूल करतो: जिथे आम्ही टिकणार नाही अशा ठिकाणी आम्हाला जायला लावू नकोस. गेथशेमानेत येशू झोपी गेलेल्या शिष्यांना हेच सांगतो, की जागे राहा आणि परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करा. ते झोपतात, आणि काही तासांतच त्यांतला पेत्र येशूबद्दल ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणतो.

तुम्हाला पडलेला प्रश्न मोठमोठ्या मंडळींनाही पडला आहे. फ्रान्सच्या कॅथलिक चर्चनं 2017च्या डिसेंबरपासून या ओळीचे शब्द बदलून ‘आम्हाला मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाचे केले, आणि इटलीनंही 2020मध्ये आपला पाठ बदलला. दुसरा पक्ष म्हणतो की ग्रीक क्रियापद ‘आणणे’ असंच आहे, ते मऊ करू नये. मला दुसरा पक्ष पटतो. शब्द आहे तसा ठेवून अर्थ समजावणं बरं.

मागच्या ओळीतला ‘सोड’ आणि इथला ‘सोडव’ यांत गल्लत होऊ देऊ नका. तिथे देणं सोडायचं आहे, इथे आपल्याला कोणाच्या तरी तावडीतून बाहेर काढायचं आहे. ‘वाइटापासून’च्या मूळ शब्दाचा अर्थ ‘दुष्टापासून’, म्हणजे सैतानापासून, असाही होतो. व्याकरण दोन्हींना जागा देतं.

कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव…

ही ओळ कुठे म्हणतात आणि कुठे नाही, याचं कारण हस्तलिखितांत आहे. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रमुख प्रतींत मत्तयाच्या पाठात ती नाही. नंतरच्या बहुतेक ग्रीक प्रतींत आहे. पण ती मागून कोणी मनानं रचली असंही नाही. ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत, जिथे ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे, तिथे शेवटी ‘सामर्थ्य व गौरव’ आहेच. तिचे शब्द 1 इतिहासच्या एकोणतिसाव्या अध्यायातल्या दावीद राजाच्या स्तुतीशी जुळतात. यहुदी प्रार्थना अशा स्तुतीनं संपवायची रीत होती, आणि मंडळी उपासनेत ही प्रार्थनाही तशीच संपवू लागली. म्हणून मराठी बायबलमध्ये ही ओळ कंसात दिसते.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये ती प्रार्थनेला जोडूनच म्हणतात आणि ‘आमेन’ म्हणजे ‘असेच होवो’ म्हणून थांबतात. वसईत किंवा आणखी कुठे कॅथलिक मिस्साला गेलात तर ‘वाइटापासून सोडव’ झाल्यावर गप्प राहा. तिथे ‘आमेन’ही लगेच येत नाही. धर्मगुरू एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात, आणि ती संपली की सगळे मिळून ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणतात. रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, मात्र ही ओळ नसते; तिथे ‘सोडव’नंतर थेट ‘आमेन’.